संधिवाततज्ज्ञ डॉ. शाल्मली खैरनार आमच्या क्लिनिकमध्ये रुजू

गंगापूर रोडवरील आमच्या क्लिनिकमध्ये जून महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून संधिवाततज्ज्ञ डॉ. शाल्मली खैरनार (एम.डी. मेडिसिन, डी.एम. ऱ्हुमॅटॉलॉजी) नियमित बाह्यरुग्ण तपासणी सुरू करीत आहेत. त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणी क्रमांक तपासणी कक्षाच्या दारावरील पाटीवर आणि प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला आहे.

सांधे दुखू लागले की आपल्याकडे बहुतेक जण आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातात, आणि दुखापत, फ्रॅक्चर किंवा झिजलेल्या गुडघ्यासाठी ते योग्यच आहे. परंतु सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असणे, मूठ वळायला किंवा डब्याचे झाकण उघडायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, किंवा तरुण वयात पहाटे कंबरदुखीने जाग येऊन चालल्यावर बरे वाटणे, अशा तक्रारींमागे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारे आजार असू शकतात. आमवात, मणक्याचा संधिवात, ल्युपस व गाऊट यांचे निदान आणि दीर्घकालीन औषधोपचार हे संधिवाततज्ज्ञांचे काम आहे. या आजारांत काही सांध्यांची हानी पुढे भरून येत नाही, म्हणून सूज अंगावर काढू नये, असे आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते.

डॉ. खैरनार सोमवार, बुधवार व शुक्रवारी सायंकाळी ५ ते ८ या वेळेत उपलब्ध असतील. शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ ही वेळ फेरतपासणीच्या रुग्णांसाठी राखलेली आहे. पहिल्या तपासणीचे शुल्क ८०० रुपये, तर फेरतपासणीचे ५०० रुपये आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरी किंवा इगतपुरीहून येणाऱ्यांनी फेरी वाया जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी क्लिनिकच्या नेहमीच्या दूरध्वनीवर वेळ ठरवून घ्यावी. क्लिनिक पहिल्या मजल्यावर असले तरी लिफ्टची सोय आहे.

येताना जुने रक्ततपासणी अहवाल, एक्स-रे आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसह, सोबत आणावीत. सूज येते-जाते अशी असेल तर ती असतानाचा मोबाइलवरील फोटोही निदानाला उपयोगी पडतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नयेत.

हे निवेदन केवळ माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचा आजार व औषधांना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो, त्यामुळे बरे होण्याची हमी आम्ही देत नाही आणि रुग्णांचे अभिप्राय वा छायाचित्रे प्रसिद्ध करीत नाही. तपासणीशिवाय औषध सुचवणे योग्य नसल्याने अहवाल कॉमेंटमध्ये टाकू नयेत. त्यातून आपली खासगी माहितीही उघड होते. ताप येऊन एखादा सांधा अचानक लाल, गरम व असह्य दुखरा झाल्यास अपॉइंटमेंटची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.