२९९ रुपये, २८ दिवस: ठरवून की न ठरवता?

लातूरच्या गंजगोलाई या मुख्य बाजारपेठेजवळच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात गेलात तर काचेवर रिचार्जचे तक्ते चिकटवलेले दिसतात. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, पण आकडे तेच: २८ दिवस, ८४ दिवस, १९९, २९९, रोजचा दीड जीबी. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, "हे सगळे आतून मिळालेले आहेत." राग रास्त आहे, कारण महागाई खरी आहे. पण एकमेकांशी एक शब्दही न बोलता आकडे असे जुळू शकतात, आणि ते कसं हे समजून घेण्यासारखं आहे.

समजा, औशाहून तुम्ही आणि उदगीरहून तुमचा मित्र लातुरात भेटणार आहात. जागा ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही, फोन दोघांचेही बंद. कुठे जाल? बहुतेक जण गंजगोलाईत जातील, तेही दुपारी बाराला. गोलाई सगळ्यात सोयीची आहे म्हणून नाही. समोरच्यालाही तीच सुचेल आणि आपल्याला ती सुचली असेल हे त्यालाही कळेल, म्हणून. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये अशा जागेला 'फोकल पॉइंट' म्हटलं. न बोलता सगळ्यांचं लक्ष जिथे जाऊन थांबतं, तो बिंदू. २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. २८ दिवस म्हणजे पूर्ण चार आठवडे, आणि वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज. ही सोय कंपनीची, ग्राहकाची नव्हे. पण सगळे तिथेच का थांबतात? समजा, एका कंपनीने ठरवलं की आपण सरळ ३० दिवस देऊ. २९९ ला २८ दिवस या हिशोबाने दिवसाला साधारण १० रुपये ६८ पैसे पडतात. त्याच दराने ३० दिवसांचे ३२० रुपये होतात. ग्राहकाचं नुकसान काहीच नाही. तरी काचेवर २९९ च्या शेजारी ३२० दिसलं की माणूस म्हणतो, "हे महाग आहे." आणि ३० दिवस २९९ ला दिले तर कंपनीचं उत्पन्न घटतं. दोन्हीकडून तोटा, म्हणून कंपनी गुमान २८ वर परत येते. कुणी दम दिला नाही, बैठक झाली नाही.

हा बिंदू धरून ठेवण्यात आपलाही हात आहे. दुकानात आपण "दीड जीबी द्या" म्हणतो, "२९९ चा मारा" म्हणतो. तोंडात बसलेला आकडा सोडून १.३ जीबीचा पॅक कोण विकायला काढेल?

जुलै २०२४ ची दरवाढ आठवा. २७ जूनला जिओने नवे दर जाहीर केले, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्हीआयने. एअरटेल आणि व्हीआयचा १७९ चा २८ दिवसांचा पॅक १९९ वर गेला. दोघांचाही ८४ दिवसांचा ७१९ चा पॅक ८५९ झाला. २९९ ची पाटी तर तिघांकडेही लागली, पण जिओ त्यात रोज दीड जीबी देत होती, बाकीच्या दोघी एक जीबी. आकडा जुळला, माल जुळला नाही. मोठे खेळाडू तीनच, दर सगळ्यांसमोर उघडे, खर्चही बराचसा सारखा. अशा बाजारात एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याला फोन करून विचारायची गरजच उरत नाही.

म्हणून नुसते सारखे दर हा संगनमताचा पुरावा होत नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात करार लेखीच हवा असं नाही, आतला समझोताही करारच धरला जातो. पण तो झाल्याचं दाखवावं लागतं. आणि हेही स्पष्ट म्हणायला हवं की सारखेपणा कुणाला निर्दोषही ठरवत नाही. ग्राहकाच्या खिशाला चटका दोन्ही प्रकारांत तोच बसतो. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे: न बोलता जुळलेल्या दरांवर कायद्याचा हात पोचत नाही.

नियमाने काही प्रमाणात हे हलवता येतं. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवायला लावला. ते पॅक आजही मिळतात, दुकानदाराला नाव घेऊन मागावे लागतात.

बिंदू बाजारातूनही मोडतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि महिन्याच्या जीबीचा हिशोब रोजच्या जीबीवर आला. काही काळातच बाकीचेही तिथेच आले. २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलने वाढवले नाहीत, आणि लाखो लोक तिकडे गेले. अर्थात गावात रेंज असेल तरच असं जाता येतं. ज्या तांड्यावर एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथल्या माणसाला काचेवरचे बाकीचे तक्ते असून नसल्यासारखेच.