विषय: दुचाकी कर्ज अर्ज TW-250714-3086: नामंजुरीचं कारण आणि फेरविचार कसा मागायचा

नमस्कार प्रशांतजी,

14 जुलैला तुम्ही 95,000 रुपयांच्या दुचाकी कर्जासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला आहे. त्या वेळी आलेल्या मेसेजमध्ये ‘धोरणानुसार अपात्र’ एवढंच लिहिलं होतं. त्यावरून कुणालाच काही कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या टप्प्यात अर्ज माणूस बघत नाही. पगार, बँक स्टेटमेंट आणि सिबिल अहवालातले आकडे ठरलेल्या नियमांना लावून संगणक निकाल देतो. एक नियम जरी मोडला तरी अर्ज तिथेच थांबतो. तुमच्या अर्जात वय, नोकरीचा काळ, पत्ता आणि सिबिल स्कोअर हे सगळं नियमात बसलं. अडलं ते दोन ठिकाणी.

पहिला नियम हप्त्यांचा. चालू हप्ते आणि नवा हप्ता मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या 50 टक्क्यांच्या आत हवेत. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या खात्यात दरमहा 24,500 रुपये पगार जमा झाला, म्हणजे मर्यादा 12,250. वैयक्तिक कर्जाचा हप्ता 6,850, मोबाइलच्या कर्जाचा 2,199 आणि आमचा नवा हप्ता 3,247, एकूण 12,296. फक्त 46 रुपये जास्त, पण नियम मोडला.

दुसरा नियम थकबाकीचा. मागच्या 12 महिन्यांत कोणत्याही खात्यावर 500 रुपयांहून जास्त रक्कम 30 दिवसांपेक्षा अधिक थकलेली नको. तुमच्या अहवालात तेच मोबाइलचं कर्ज ‘चालू’ आहे आणि त्यावर 590 रुपये थकीत दिसतात.

फोनवर तुम्ही सांगितलंत की हे कर्ज फेब्रुवारीत फेडून झालं. तसं असेल तर हा 590 चा आकडा नीट बघा. 500 रुपये बाउन्स चार्ज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90 मिळून बरोबर तेवढेच होतात. एखादा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, नंतर तुम्ही हप्ता भरलात आणि दंड तसाच राहिला, असं झालेलं असू शकतं. शेवटचा हप्ता भरला तरी असा दंड बाकी असेल तर खातं बंद होत नाही. ही एक नोंद दुरुस्त झाली की दोन्ही नियम सुटतात: थकबाकी उरत नाही आणि हप्त्यांची बेरीज 10,097 वर येते. डाउन पेमेंट वाढवून मात्र भागणार नाही. कर्ज 93,000 केलं तर पहिला नियम सुटेल, दुसरा तसाच राहील.

आता काय करायचं ते सांगते.

आधी मोबाइलचं कर्ज देणाऱ्या कंपनीकडून खात्याचा पूर्ण उतारा मागवा. दंड खरंच बाकी असेल तर भरून पावती घ्या, चुकीने लागला असेल तर लेखी माफ करून घ्या. दोन्ही बाबतींत कर्ज बंद झाल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, घ्या आणि त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक व बंद झाल्याची तारीख आहे ना हे तिथेच तपासा. नुसता ‘पेमेंट मिळालं’ असा स्क्रीनशॉट आमचे अधिकारी ग्राह्य धरत नाहीत.

मग याच ईमेलला उत्तर म्हणून उतारा आणि एनओसी पीडीएफमध्ये जोडा आणि ‘फेरविचार करावा’ एवढं लिहा. 14 ऑगस्टपर्यंत पाठवा. त्यानंतर हा अर्ज बंद होतो आणि नव्याने सगळं करावं लागतं. फेरविचार कर्ज अधिकारी स्वतः करतात आणि 7 कामकाजाच्या दिवसांत लेखी निकाल देतात. चुकीचा आकडा ते दुरुस्त करू शकतात, 50 टक्क्यांची मर्यादा बदलू शकत नाहीत. मुदतीत पाठवलंत तर सिबिलवर नवी चौकशी नोंदली जाणार नाही. तोवर आणखी चार ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते.

अहवालातली मूळ नोंदही दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या कर्जाला तीच आडवी येईल. सिबिलच्या संकेतस्थळावर वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो आणि तिथेच तक्रारही मोफत नोंदवता येते. 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. ओटीपी किंवा पासवर्ड आम्हालासुद्धा सांगू नका.

तुम्ही आमच्याकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय लोकपाल सहसा बदलत नाहीत. त्यामुळे उत्तर न मिळणं किंवा चुकीची माहिती वापरली जाणं, हाच मुद्दा तिथे मांडा.

उतारा वाचताना काही अडलं तर ते पान इथेच पाठवा, मी स्वतः बघून सांगेन.

आपली,
माधुरी
प्रमुख, ग्राहक मदत कक्ष