नवी लीव्ह आणि शिफ्ट पॉलिसी: काय बदललं, काय काढलं, कोणाला फटका

सगळ्यांना नमस्कार. एचआरच्या मेलमध्ये "किरकोळ बदल" म्हणून चार गोष्टी लिहिल्यात, पॅटर्निटी लीव्ह, दुखवट्याची रजा, एकत्र रजा आणि वर्क फ्रॉम होम. मी एप्रिल 2022 ची पॉलिसी आणि 1 ऑगस्ट 2025 पासून लागू होणारी, दोन्हीच्या प्रिंट शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली. बदल चारच्या बरेच वर आहेत आणि जे मेलमध्ये नाहीयेत तेच जास्त लागणारे आहेत. कलमांचे नंबर पण हललेत, जुनं 6.4 आता 5.2 झालंय, त्यामुळे नुसतं वरवर चाळलं तर काय गायब झालं ते कळतच नाही.

आधी चांगलं ते सांगतो. पॅटर्निटी लीव्ह 3 वरून 7 दिवस केलीय, आणि दुखवट्याच्या 3 दिवसांत आता सासू-सासरे पण धरलेत, आधी फक्त स्वतःचे आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं होती. या दोन्ही मागण्या आपणच केल्या होत्या, त्या मान्य झाल्या ही खरंच चांगली गोष्ट आहे.

आता नाइट शिफ्टवाल्या मुलींनी हे नीट वाचा, माझ्या मते अख्ख्या पॉलिसीत सगळ्यात गंभीर हेच आहे. जुन्या 9.1 मध्ये होतं की रात्रीच्या शिफ्टसाठी लेखी संमती घेणार, कॅब घराच्या दारापर्यंत सोडणार, आणि पहिला पिकअप किंवा शेवटचा ड्रॉप महिलेचा असेल तर गाडीत गार्ड असणार. नव्या 7.3 मध्ये संमतीची ओळच नाही, त्या जागी "रोस्टरनुसार" आलंय. दाराच्या जागी "ठरलेल्या पिकअप पॉइंटपर्यंत" आलंय, आणि कॅब नको असेल तर महिना 4,500 रुपये भत्ता. गार्डचा उल्लेख कुठेच नाही, मी तीनदा शोधला. म्हणजे वाघोलीला राहणारी मुलगी रात्री दीड वाजता हायवेवर उतरणार आणि आतल्या सोसायटीपर्यंत एकटी चालत जाणार, कागदावर हे आता बसतंय. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री 9:30 ते सकाळी 7 मध्ये महिलांना कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची सोय लागते आणि घराच्या दारापर्यंत गाडी लागते. भत्ता देऊन ही जबाबदारी संपत नाही. सपोर्ट आणि बिलिंग टीमच्या सगळ्या रात्रपाळीच्या मुली यात येतात.

रजा. जुनं गणित 15 अर्न्ड, 8 कॅज्युअल, 7 सिक, एकूण 30. आता सगळं मिळून "वार्षिक रजा 24". एकत्र केलं हे मेलमध्ये आहे, 6 दिवस कमी झाले हे नाहीये. हाफ डे काढलाय. सिक लीव्हला आधी तीन दिवसांच्या वर असेल तरच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, आता एका दिवसाला पण लागणार, म्हणजे ताप आला तर झोपायचं सोडून आधी दवाखान्याच्या रांगेत बसा. कायद्यात कॅज्युअलचे 8 दिवस पगारी आणि वेगळे दिलेत, आणि वर्षात 240 दिवस काम केलं की दर 20 दिवसांमागे एक रजा त्याशिवाय, त्यामुळे 24 हा आकडा एकूण बेरजेत बसला तरी कॅज्युअल वेगळी दाखवायलाच हवी.

कॅरी फॉरवर्डचं बघा, इथे जुन्या लोकांचं खरं नुकसान आहे. 45 दिवसांपर्यंत साठवता यायचं, ते 30 वर आणलंय, आणि वरच्या रजा 31 डिसेंबरला लॅप्स. कोणाच्या खात्यात 42 असतील तर 12 दिवस गेले, पैसे पण नाहीत कारण एनकॅशमेंटचं जुनं 6.6 पूर्ण काढून टाकलंय. कायद्यात साठवायची मर्यादा 45 आहे, त्याच्या खाली पॉलिसी जाऊ शकत नाही. फक्त एक लक्षात घ्या की मॅनेजर लोक या कायद्याच्या बाहेर येतात, त्यांना आपापल्या अपॉइंटमेंट लेटरवर बोलावं लागेल.

सुट्ट्या 10 वरून 8. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार कायद्यानेच आहेत, बाकी चार गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन, दिवाळी पाडवा. गेल्या त्या दोन म्हणजे गुढीपाडवा आणि ऐच्छिक सुट्टी. कायद्याने 8 पुरतात हे मान्य, पण ती ऐच्छिक एक दिवस होती म्हणून आपले मुस्लिम आणि ख्रिश्चन सहकारी ईद किंवा नाताळला घरी असायचे, आता त्यांच्या सणाला एकही दिवस उरला नाही आणि 24 मधूनच घ्यावा लागेल. गुढीपाडव्याची नको, पण निदान ही ऐच्छिक परत द्या असं आपण सगळ्यांनी मिळून म्हणावं, फक्त त्यांनीच म्हणू नये.

ओव्हरटाइमला दुप्पट पैसे होते, आता कॉम्प-ऑफ, तो पण 30 दिवसांत वापरला नाही तर गेला. कायद्यात दुप्पट दरच आहे. महिनाअखेरीला थांबणारी बिलिंगची मंडळी यात सगळ्यात जास्त.

मॅटर्निटी 26 आठवडे तशीच आहे, पण गर्भपात झाल्यास 6 आठवडे ही ओळ काढलीय. ती मातृत्व लाभाच्या कायद्यात आहे, त्यामुळे हक्क जात नाही, पण अशा वेळी कोण कायदा उघडून बसणार? बाई पॉलिसी बघणार आणि काही नाही म्हणून चार दिवसांत कामावर येणार. ही ओळ परत यायलाच हवी.

नोटीस पीरियड आधी दोन्ही बाजूंनी 30 दिवस. आता आपण 90, कंपनी 30. ज्यांच्या लेटरमध्ये 30 लिहिलंय त्यांनी लेटर काढून ठेवा. वर्क फ्रॉम होम आठवड्याला 2 दिवसांवरून 1, तो पण लीडच्या मंजुरीने, हा कंपनीचा अधिकार आहे, पण सातारा-नगरहून येऊन-जाऊन करणाऱ्यांना घरभाडं परत सुरू होणार. पॉश समितीची नावं काढून लिंक दिलीय, समितीचा आदेश ऑफिसात ठळक लावणं 2013 च्या कायद्याने लागतं, ते आपल्या मजल्यावर लावून घ्या.

आणि पान 2 वरची व्याख्या. आधी "एजन्सीमार्फत आलेले" धरून सगळे कर्मचारी होते, आता फक्त परमनंट. हाउसकीपिंगच्या मावशी आणि सिक्युरिटीवाले दादा यांची रात्रीची कॅब आणि कँटीनची सवलत या एका ओळीने गेली. त्यांना ती मेलसुद्धा आलेली नाही, त्यांच्याशी मी बोलतोय.

पोर्टलवर "वाचलं आणि मान्य" चं बटण आहे, शेवटची तारीख 25 जुलै. त्याआधी एचआरला लेखी विचारूया: संमती, दारापर्यंतची कॅब आणि गार्ड परत येणार का, 45 ची मर्यादा आणि ओव्हरटाइमचे पैसे कायद्याप्रमाणे राहणार का, काढलेल्या कलमांची यादी का दिली नाही. एकच मेल सगळ्यांच्या नावाने जाईल. नाव घालायचं असेल तर गुरुवार 17 जुलै संध्याकाळपर्यंत मला सांगा, आणि ज्यांच्या रजा 30 च्या वर आहेत त्यांनी बॅलन्सचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. काही कलम माझ्याकडून चुकीचं वाचलं गेलंय असं वाटलं तर कलम नंबर टाकून लिहा, लगेच दुरुस्त करतो.