आपल्या नव्या रस्त्याला दिवे किती?

मखमलाबादच्या माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो, नमस्कार!

क्लासवरून अंधारात परतणाऱ्या मुलींची काळजी मलाही आहे, म्हणून आज हिशोबच मांडतो.

आपला नवा रस्ता ९०० मीटरचा. दोन खांबांत अंतर ३० मीटर. ९०० भागिले ३०, म्हणजे ३०. पण थांबा, हे ३० गाळे झाले, खांब नव्हे! द्राक्षबागेत ओळ बांधताना पहिला डांब रोवल्याशिवाय तार ओढता येते का? तसाच सुरुवातीचा एक खांब धरा. एकूण ३१. अंदाजपत्रकात ३० लिहिले, तर शेवटचे टोक अंधारात राहील, आणि नेमकी तिथेच आपली वस्ती आहे.

खांब दुभाजकात बसणार आहेत. प्रत्येकाला दोन हात, दोन्ही बाजूंना एकेक दिवा. म्हणजे खांब ३१, दिवे ६२.

काही जण म्हणतात, अंतर ४५ मीटर करा, २१ खांबांत भागेल. पैसे वाचतील, पण मधे काळोखाचे पट्टे पडतील. मला ते मान्य नाही. काम सुरू झाले की खांब तुम्हीही मोजा. ३१ भरले नाहीत, तर थेट माझ्याकडे या.