डावा पाय

सहामाही परीक्षेनंतर शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निवडणार, अशी सूचना फळ्यावर लागली. त्याच दिवशी मीनलने माळ्यावरून आतेभावाचा जुना चेंडू खाली काढला आणि कुणाला दिसायच्या आत दप्तरात कोंबला.

घरी कुणी नको म्हटलं नसतं. पण त्यांच्या गावात एखादी गोष्ट सुरू करायची म्हणजे सगळ्यांना सांगून सुरू केल्यासारखंच. सायकल शिकताना ती पडली होती, तेव्हा संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीने गुडघा कसा आहे ते विचारलं होतं. मायेनेच विचारलं होतं, तरी आपल्याला जमत नाहीये हे चारचौघांत दिसणं तिला नको होतं. ज्यांना अशी भीती वाटलेली आहे, त्यांना ती केवढी मोठी असते ते ठाऊक असेल.

"पहाटे धावायला जाते," असं तिने आईला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पाण्याच्या टाकीपर्यंत ती धावतच जायची. टाकीमागे पंपघराची दगडी भिंत होती. समोर थोडी मोकळी जागा आणि कडेला झुडपं. चेंडू तिथेच लपवलेला असायचा.

पहिल्याच आठवड्यात उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. ती बोटांच्या टोकाने चेंडू मारत होती. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने ढकलायचा, घोटा ताठ ठेवायचा, दुसरा पाय चेंडूच्या शेजारी रोवायचा, हे तिला पुढे मोबाइलवर सामने बघताना कळलं. गोल कोण करतंय याकडे तिचं लक्षच नसायचं, ती फक्त पाय बघायची. पण नख बरं होईपर्यंत उजव्या पायाला हात लावायची सोय नव्हती. मग तिने डाव्या पायाने सुरुवात केली.

डावा पाय ऐकेना. चेंडू भिंतीऐवजी झुडपात जायचा आणि काट्यांतून काढता काढता उजाडायचं. तरी ती रोज तेच करत राहिली. भिंतीचे दगड वर-खाली असल्यामुळे चेंडू सरळ परत येतच नसे. कधी गुडघ्यावर, कधी भलतीकडे. येईल तसा अडवायचा, थांबवायचा, पुन्हा मारायचा. आवाज दूरवर जाऊ नये म्हणून तिने चेंडूतली थोडी हवाही काढून टाकली होती.

पंप सुरू करायला येणारे काका एवढे दिवस काही बोलले नव्हते. तिने खडूने काढलेला चौकोन एकदा पावसाने धुऊन गेला. दुसऱ्या दिवशी तिथे निळ्या ऑइलपेंटने काढलेला नवा चौकोन होता, तिच्या चौकोनापेक्षा थोडा लहान. काका कुलूप उघडत म्हणाले, "आता यात मार."

निवडीच्या दिवशी सरांनी दोन गट पाडले. चेंडू नवा, पुरता हवा भरलेला. मीनलकडे पहिला पास आला, तिने पाय पुढे केला आणि चेंडू टणकन उडून थेट समोरच्या मुलीकडे गेला. कुणीतरी हसलं. मीनलला कान तापल्यासारखे वाटले. मऊ चेंडूची सवय झालेल्या पायाला हा चेंडू परका होता.

दुसऱ्यांदा चेंडू मैदानातल्या खडीवर आपटून वाकडातिकडा आला. असे चेंडू मात्र तिच्या रोजच्या ओळखीचे. चेंडू लागता क्षणी तिने पाय किंचित मागे घेतला. चेंडू पायाशीच थांबला. समोरून तन्वी धावत येत होती. ती मीनलच्या उजव्या बाजूला झेपावली, कारण सगळ्या मुली उजव्याच पायाने मारत होत्या. मीनलने डाव्या पायाने चेंडू तिच्या बाजूने काढला आणि कडेने पळणाऱ्या मुलीच्या पुढ्यात टाकला. त्यावर गोल झाला नाही, चेंडू खांबाबाहेर गेला. पण सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

"डावखुरी आहेस?"

"नाही सर. उजव्या पायाचं नख दुखत होतं."

"आता दुखतंय?"

"नाही. केव्हाच बरं झालं."

सरांनी यादीत काहीतरी लिहिलं. "डावीकडे खेळणारं कुणी नव्हतं माझ्याकडे. उद्या घरच्यांची सही घेऊन ये."

संध्याकाळी तिने अर्ज बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो दोनदा वाचला, मग तिच्या पायांकडे पाहिलं. "हे कधी शिकलीस?"

"पहाटे."

आई आतून बाहेर आली. "म्हणजे धावायला जात होतीस ते हेच. आता संघातच घेतलंय, तर उद्यापासून झोपशील ना जरा?"

"नाही," मीनल म्हणाली. "उजवा पाय फार मागे राहिलाय."