पार्सलच्या प्रश्नाखाली आलेल्या त्या नंबरांवर फोन करू नका

सगळ्यांना नमस्कार. आपल्यातल्या एका ताईंनी काल दुपारी विचारलं होतं की हैदराबादला पाठवलेलं टॉवेलचं पार्सल सहा दिवस झाले तरी पोचलं नाही, कुरिअरवाल्यांचा नंबर कुणाकडे आहे का. त्याखाली जी उत्तरं आली त्यातली चार फसवणुकीची आहेत. त्यातल्या नंबरांवर फोन करू नका, लिंक उघडू नका. कुणी आधीच फोन करून बसलं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खाली ##002# आणि १९३० बद्दल लिहिलंय ते करा.

मला संशय आला तो भाषेवरून. चार वेगवेगळ्या नावांनी आलेली उत्तरं, पण चारही ठिकाणी एकच वाक्य: "मला पण सेम प्रॉब्लेम होता, या नंबरवर बोला, १० मिनिटात काम झाले." एका ठिकाणी "प्रॉब्लेम"च्या जागी "परॉब्लम" असं चुकलंय आणि तीच चूक दुसऱ्या उत्तरातही आहे. चौघंही कालच आपल्यात आले आहेत. मी एकाला विचारलं, दादा तुम्ही कुठं राहता? उत्तर आलं, "सोलापूर सिटी." आपल्याकडं माणूस जुळे सोलापूर म्हणतो, अशोक चौक म्हणतो, सात रस्त्यापासून दोन मिनिटांवर म्हणतो. स्वतःच्या गावाला "सोलापूर सिटी" म्हणणारा मला तरी आजवर भेटला नाही. पुढं काही विचारलं तर त्यानं मला खासगीत मेसेज केला. म्हणून सांगते, त्यांच्याशी तिथं वाद घालायला जाऊ नका. जो उत्तर देतो त्याला ते वेगळं गाठतात.

त्या नंबरवर काय चालतं ते ज्या ताईंनी फोन केला त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी हे लपवून ठेवलं नाही म्हणून आपण बाकीचे सावध होऊ शकतो, त्यांचे मनापासून आभार. समोरचा माणूस अतिशय आदरानं बोलला. म्हणाला, मॅडम, पत्ता अपूर्ण आहे म्हणून पार्सल गोदामात अडकलंय, डिलिव्हरी बॉयशी तुमचं बोलणं जोडून देतो, फक्त हे डायल करा. आणि त्यानं *21* पासून सुरू होणारा, पुढं एक मोबाइल नंबर आणि शेवटी # असलेला आकडा सांगितला.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण यात ओटीपी कुणी मागत नाही आणि म्हणून माणूस बेसावध राहतो. *21* लावून डायल केलं की तुमच्या फोनवर येणारे सगळे कॉल त्या दुसऱ्या नंबरकडे वळतात. तुमचा फोन हातातच असतो, नेट चालू असतं, काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मग तो माणूस तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करायला घेतो आणि कोड मेसेजऐवजी फोनवर ऐकायचा पर्याय निवडतो. तो फोन वळून त्याच्याकडेच जातो. तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात, आणि तासाभरात तुमच्या माहेरी, गिऱ्हाइकांना, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला मेसेज जातो: "अर्जंट पैसे पाठवा, संध्याकाळी देते." खात्री करायला बँकेनं फोन केला तर तोही त्याच्याचकडे जातो. या ताईंनी आकडा अर्ध्यावर सोडला, कारण कुकरची शिट्टी झाली आणि त्या गॅस बंद करायला उठल्या. एवढ्यावर वाचलं.

तुम्ही असं काही डायल केलं असेल तर आत्ता फोनवर हे लावा, सगळी वळवणी रद्द होते:

```
##002#
```

आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन टाकून ठेवा. मग कोड दुसऱ्याला मिळाला तरी त्या पिनशिवाय तो आत शिरू शकत नाही.

दुसऱ्या दोन उत्तरांत लिंक आहे, "पत्ता दुरुस्तीचे ५ रुपये भरा." पाच रुपयांकडं बघू नका. त्या पानावर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी मागतात, आणि ओटीपी दिला की पाचच रुपये जातील याची काही शाश्वती नसते. चौथा पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. खात्यातली शिल्लक बघणं सोडलं, तर पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात.

हे मी इतकं पोटतिडकीनं लिहिते कारण गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या दिरांचं हेच झालं. यंत्रमागावर कामाला आहेत. नेटवर शोधून सापडलेला नंबर खरा कस्टमर केअरचा समजून फोन केला. त्यानं मोबाइलचा स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप घ्यायला लावलं आणि तीन वेळा मिळून ३८,४०० रुपये गेले. दोन महिन्यांची कमाई. त्याहून वाईट म्हणजे दोन दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही, लाज वाटली म्हणून. तोवर पैसे पुढं पुढं सरकत गेले होते. पहिल्याच तासात सांगितलं असतं तर निदान काही रक्कम अडवता आली असती, हे मला अजून टोचतं. म्हणून कुणाचं असं झालं तर इथं "एवढंही कळलं नाही का" म्हणू नका. अशानंच माणसं गप्प बसतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. हा देशभरासाठीचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, म्हणजे पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते थांबवायचा प्रयत्न करता येतो. मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही कळवा, कार्ड व यूपीआय बंद करायला सांगा. चॅट, नंबर, मेसेज काहीही डिलीट करू नका. रागानं डिलीट केलेलं नंतर पुरावा म्हणून सापडत नाही.

एक विनंती. त्या उत्तरांचे स्क्रीनशॉट सावधान म्हणून पुढं पाठवताना नंबर झाकून पाठवा. काल एका मैत्रिणीनं चांगल्या मनानं पाठवला, आणि तिच्या आत्यांनी वरचं न वाचता तोच कुरिअरचा नंबर समजून लावला. नशिबानं उचलला गेला नाही.

कुरिअरचा खरा नंबर बुकिंगच्या पावतीवर छापलेला असतो. पावती हरवली असेल तर जिथं पार्सल दिलं त्या काउंटरवर जाऊन विचारा. ताईंच्या पार्सलसाठी मी आज सकाळी त्यांच्याबरोबर गेले होते. पार्सल हैदराबादच्या डेपोत आहे, घर बंद होतं म्हणून परत नेलं होतं. उद्या पुन्हा नेणार आहेत, पाच रुपये कुणी मागितले नाहीत.

ती चार उत्तरं काढायला मी कालच सांगितलंय, पण हे लोक नव्या नावानं परत येतात. पूर्व भागात राहणाऱ्यांना खास सांगणं: घरातल्या ज्या मोठ्या बायकांना मराठी वाचता येत नाही त्यांना हे तेलुगूत, कन्नडमध्ये तोंडी सांगा, *21* चं तर नक्की सांगा. ज्यांना फोनवर हे सगळं जमत नाही त्यांनी उद्या संध्याकाळी ५ नंतर विजापूर रोडला माझ्या घरी या. फोन आणि चार्जर आणा, एकेकीचा बघून देते.