शेजार

वाळवी लागल्यामुळे बाबांचे जुने कपाट काढावे लागले तेव्हा ते रुग्णालयात होते, आणि नातेवाइकांनी पुस्तके केवळ आकार पाहून खोक्यांत भरली. बाबा घरी परतले नाहीत. पुढे नवे कपाट आले, तेव्हा पुस्तके लावण्याचे काम मी मागून घेतले. मी ग्रंथालयशास्त्र शिकत होते आणि हे काम माझ्याइतके चोख कुणाला जमणार नाही, असा माझा समज होता.

मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश पद्धतीने मी वर्ग पाडू लागले. कालगणना ५२९ मध्ये, वैद्यक ६१० मध्ये, लोकप्रशासन ३५० मध्ये. बाबांना मात्र कोणतेही पुस्तक दिवा न लावता काढता येत असे, आणि त्यांच्या कपाटात विषयवार मांडणी कधीच दिसली नव्हती. तो त्यांचा गबाळेपणा, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

खलाशांच्या आजारांवरील एका जाड पुस्तकाला लाल कापडी बांधणी होती. तिचा रंग दमट हवेत सुटून शेजारच्या पुस्तकाला लागलेला असणार, म्हणून मी तसा डाग शोधू लागले, आणि तो सापडला सरकारी कारभारावरील एका पुस्तकाच्या पांढऱ्या आवरणावर. डाग चांगला रुंद आणि गडद होता, म्हणजे ही दोन पुस्तके कित्येक वर्षे एकमेकांना खेटून उभी होती. ६१० आणि ३५० यांचा हा शेजार कुठल्याच पद्धतीत बसणारा नव्हता.

लाल पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ होती : ‘लिंबाने बरे होतात हे कळल्यावरही इतकी वर्षे का लागली?’ मी पाने मागे उलटली. जेम्स लिंड या जहाजावरील शल्यविशारदाने १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय घेतला तो मात्र १७९५ मध्ये. या विलंबाचे कारण वैद्यकात सापडणारे नव्हते, ते कचेऱ्यांत शोधायला हवे होते, आणि म्हणूनच कारभारावरचे पुस्तक तिथे होते.

मग मी सगळ्याच पुस्तकांची शेवटची पाने पाहिली. भरती-ओहोटीच्या पुस्तकात ‘चंद्र पाणी ओढतो, तर भरती दिवसातून दोनदा का?’ असे होते, आणि त्याचे उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या पुस्तकात होते. चंद्रावरील पुस्तकाच्या शेवटी ‘साडेएकोणतीस दिवसांचे बारा महिने, मग वर्षाशी मेळ कसा?’ हा प्रश्न होता. तो कालगणनेकडे नेत होता. ड्युईचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मी बाजूला ठेवल्या.

माझी गाडी अडली ती एका कोऱ्या पानापाशी. ते पुस्तक घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला सगळे वाचून दाखवले. तिने हातातले काम थांबवले नाही.

“अक्षर ह्यांचं आहे, प्रश्न माझे आहेत. रात्री हे मोठ्यानं वाचायचे आणि मी काम करता करता विचारायचे. उत्तर येत नसलं की दुसऱ्या दिवसापासून पुस्तक शोधायला लागायचे.”

बाबा हे प्रश्न टिपून ठेवतात, हे तिला ठाऊक होते. सगळे कपाट त्या क्रमाने लावले आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. वाचलेल्या पुस्तकापेक्षा ते ऐकून पडलेला प्रश्न बाबांना मोलाचा वाटत होता, आणि कपाटाची रचना त्यांनी त्यावर केली होती.

“मग या पानावर काहीच का नाही?”

“तेव्हा आमचं बोलणं नव्हतं,” आई म्हणाली. “नंतर ह्यांनी नवीनच विषय काढला. पक्ष्यांचा असेल बघ.”

पक्ष्यांचे पुस्तक मी त्यापुढे ठेवले. त्यानंतर ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली. मी प्रश्न वाचावा आणि तिने पुढचे पुस्तक सांगावे, असे काम चालू झाले. तिला नावे आठवत नव्हती, पण विषय आणि आवरणाचा रंग ती अचूक सांगत होती. कालगणनेच्या पुस्तकापाशी आलो. १५८२ मध्ये नवी दिनदर्शिका लागू करताना ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, त्यावर तिचा प्रश्न होता : ‘मग त्या दहा दिवसांचा पगार?’ त्याच्यापुढे लावायला मी व्यापाराच्या इतिहासाचे पुस्तक उचलले.

“ते तिथे नको,” आई म्हणाली.

“पण बाबांनी तेच ठेवलं होतं ना?”

“ठेवलं होतं. पण त्यात पगाराबद्दल एक ओळ नाही. मी तेव्हाही ह्यांना सांगितलं होतं, हे काही उत्तर नव्हे. जागा रिकामी सोड आणि तुमच्या ग्रंथालयात बघ, कुणी लिहिलंय का ते.”